एकटीनं केलेलं पहिलं बाळंतपण: छाती हलेना तेव्हा

रानजाई

नर्सिंगच्या मुली मला नेहमी एकच विचारतात, "मॅडम, पहिल्यांदा एकट्या होतात तेव्हा भीती वाटली नाही का?" वाटली. पण त्या रात्री माझ्या हातून काय चुकलं आणि ते कशानं सुधारलं, ते तुमच्या जास्त कामाचं आहे. म्हणून आज सगळं क्रमानं लिहिते. वेळा पक्क्या आहेत, कारण त्या रात्री मी बाईच्या कागदावर त्या लिहून ठेवल्या होत्या आणि नंतर माझ्या वहीत उतरवल्या.

मी बावीस वर्षांची होते. तोवर बाळंतपणं बरीच केली होती, पण दर वेळी पाठीशी मोठ्या सिस्टर असायच्या. त्या रात्री त्या दुसऱ्या गावी अडलेल्या बाईकडे गेल्या होत्या आणि केंद्रात मी एकटी. रात्री दीडच्या सुमाराला एक बाई आली. दुसरी खेप, दिवस पूर्ण भरलेले, पहिलं बाळंतपण सुरळीत झालेलं. सोबत तिची नणंद. सगळं ठीक होतं. ३ वाजून १० मिनिटांनी पाणी गेलं आणि ते हिरवट होतं.

हिरवं पाणी म्हणजे बाळानं आतच शी केलेली. तेवढ्यावरून बाळ संकटात आहेच असं नाही. म्हणून मी ठोके ऐकायला लागले. कळ ओसरल्यावर ९६ मोजले आणि पुन्हा १२० वर यायला जवळजवळ मिनिट लागलं. पुढच्या कळेलाही तेच. आता मात्र निर्णय घ्यायचा होता. मोठं हॉस्पिटल दीड तासावर. तपासलं तर पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं आणि डोकं खाली आलेलं, कळेबरोबर केस दिसत होते. गाडीत घातलं असतं तर बाळ वाटेत झालं असतं, अंधारात, हलत्या गाडीत, माझ्या मांडीवर. मी गाडीला निरोप धाडला, पण बाईला हलवलं नाही. गाडी बाळंतपणानंतर लागणार, हे मला तेव्हाच दिसत होतं.

मग मी दोन मिनिटं बाईकडे पाठ केली. नणंदेला तिच्या डोक्याशी उभं केलं आणि बाळाला हवा द्यायची अंबू बॅग काढली. मास्कवर तळवा घट्ट दाबून बॅग दाबली. तळव्याला दाब लागला, वरचा व्हॉल्व्ह फुसकन उघडला. म्हणजे बॅग चालू होती. पण तिला लावलेला मास्क लहान, कमी दिवसांच्या बाळाचा, शून्य नंबरचा. तो काढून एक नंबरचा लावला. दोन कोरडी फडकी दिव्याखाली ऊब घ्यायला ठेवली, बाळंतपणानंतर जास्त रक्त जाऊ नये म्हणून द्यायचं ऑक्सिटोसिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवलं. आणि नणंदेला सांगितलं, "ताई, बाळ झाल्यावर मी तिकडे टेबलाशी असेन. तुम्ही हिच्या पायांमधलं कापड बघत राहा. रक्ताची धार लागली, तर मला हाक मारा. नुसतं भिजलं तर थांबा." ते वाक्य मी तिच्याकडून परत म्हणवून घेतलं.

३ वाजून ४२ मिनिटांनी मुलगी झाली. फिकट निळी, हातपाय लोंबते, आवाज नाही.

फडक्यानं अंग पुसलं, ओलं फडकं बाजूला टाकलं, कोरडं घेतलं, पाठ चोळली. काही नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघितला, पाऊण मिनिट झालं होतं. नाळ बांधली, कापली, तिला टेबलावर घेतलं. मान सरळ केली, मास्क लावला आणि बॅग दाबली.

छाती हलली नाही.

इथे माझी चूक झाली. मी बॅग जोरात दाबली, मग आणखी जोरात. पाच-सहा वेळा. प्रत्येक वेळी बाळाच्या डाव्या गालापाशी बारीक 'स्स' असा आवाज यायचा. कानावर पडत होता, पण मी तो ऐकत नव्हते. माझं सगळं लक्ष बॅगेवर होतं, बाळावर नव्हतं.

मग मी बॅग उचलली. पूर्ण. दोन्ही हात बाळापासून दूर. हे लिहायला सोपं आहे, पण श्वास न घेणाऱ्या बाळावरून हात काढणं हे त्या रात्रीतलं सगळ्यात अवघड काम होतं. एक-दोन सेकंदच, पण तेवढ्यात दिसलं. मी घाईत घडी केलेलं फडकं तिच्या डोक्याखाली आलं होतं. डोक्याखाली उंचवटा झाला की हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासनळी दुमडते. फडकं काढून त्याची पातळ घडी खांद्याखाली सरकवली. आता नाक वर झालं, जणू ती कसला तरी वास घेतेय. मास्कची कड आधी हनुवटीवर टेकवली, मग तोंड-नाकावर. अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर, उरलेल्या बोटांनी जबडा वर उचलला. 'स्स' थांबला. बॅग दोन बोटांनी दाबली आणि छाती उचलली गेली. फार नाही. झोपलेल्या बाळाची हलते तेवढीच.

मग मोठ्यानं मोजायला लागले: "दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन." या लयीत मिनिटाला साधारण चाळीस श्वास होतात. मधेच नाळेच्या बुडाशी दोन बोटं ठेवून सहा सेकंद मोजले, सात ठोके. म्हणजे मिनिटाला सत्तर. अर्ध्या मिनिटानं पुन्हा मोजले, बारा. रंग अजून निळाच होता, पण ठोके १२० झाले म्हणजे हवा पोचतेय, हे मला कळलं.

तीन मिनिटं होत आली तेव्हा तिनं एक मोठी उचकी घेतल्यासारखा श्वास घेतला. नणंद "आला, आला!" म्हणाली आणि माझाही हात थांबणारच होता. पण पुढचा श्वास आला नाही. मी परत लय धरली. तशा तीन उचक्या आल्या, मग एक बारीक कण्हणं आणि चौथ्या मिनिटाला ती एकसारखा श्वास घ्यायला लागली. रडली त्यानंतर.

तिला आईच्या छातीवर उघडं ठेवून वरून पांघरूण घातलं. आईच्या पोटावर हात फिरवून दुसरं बाळ नाही याची खात्री केली आणि मांडीत दहा युनिट ऑक्सिटोसिन दिलं. तोवर पाच मिनिटं झाली होती. वार १४ मिनिटांनी पडली, पिशवी कडक लागली, रक्त नेहमीइतकंच. गाडी सव्वाचारला आली आणि दोघी तशाच, अंगाला अंग लावून, मोठ्या हॉस्पिटलला गेल्या.

विचारा काय विचारायचं ते.

---

निळी_शाई

मॅडम, मी तिसऱ्या वर्षाला आहे. वाचताना छाती हलली नाही तिथे माझाच श्वास अडकला. दोन शंका आहेत. पाठ किती वेळ चोळायची? आणि आम्हाला बाळ कसं आहे याचे गुण, म्हणजे एक मिनिटाचा अपगार, काढायला शिकवलंय, तो तुम्ही कधी काढला?

---

आडवाट

मी वीस वर्षं ॲम्ब्युलन्सवर काढली आहेत, त्या काळात सात बाळं गाडीतच झाली. ताई, तुमच्या हिमतीला सलाम, पण एक गोष्ट राहिली. पाणी हिरवं होतं ना? मग डोकं बाहेर आल्याबरोबर, खांदे यायच्या आत, नाक-तोंड सक्शन करायला हवं होतं. आम्हाला तसंच शिकवलं होतं आणि मी प्रत्येक वेळी केलं. शी फुफ्फुसात गेली की बाळ हातचं जातं.

---

दीपशिखा

मी नवजात बाळांच्या विभागात डॉक्टर आहे. आधी अपगारचं. अपगार बाईंनी तो गुणांक १९५३ मध्ये छापला आणि आपण तो आजही लिहितो. पण बॅग कधी लावायची हे त्यावरून ठरवत नाहीत. एका मिनिटाचा आकडा काढत बसलात तर ते मिनिट गेलंच. कोरडं केलं, चोळलं, श्वास नाही, की बॅग. रानजाईंनी आकडा नंतर आठवून लिहिला असणार, आणि तसंच करावं.

किती वेळ चोळायचं, तर पुसण्यासकट अर्ध्या मिनिटाच्या आसपास. कारण असं आहे. प्राणवायू कमी पडला की बाळ आधी धडपडतं आणि मग श्वास थांबवतं. त्या पहिल्या टप्प्यात चोळलं की ते सुरू होतं. त्रास चालूच राहिला तर ते उचक्यांसारखे श्वास घेतं आणि पुन्हा थांबतं. या दुसऱ्या थांब्यात कितीही चोळा, टाचेवर टिचक्या मारा, ते सुरू होत नाही. त्याला फक्त हवा लागते. आणि बाहेरून दोन्ही थांबे सारखेच दिसतात. म्हणून ओळखत बसायचं नाही, थोडं चोळून सरळ बॅगेकडे जायचं. या बाळाचे ठोके सत्तरवर आले होते आणि सुरू होतानाही आधी उचक्या आल्या, त्यावरून ती दुसऱ्या थांब्यात असावी असं मला वाटतं.

आडवाट, तुम्ही म्हणता ती पद्धत खरंच शिकवली जायची, तुमची चूक नाही. पण २००४ मध्ये मोठी चाचणी छापून आली. अडीच हजारांवर बाळं, सगळ्यांचं पाणी शीनं खराब झालेलं. खांदे यायच्या आत सक्शन केलेल्या आणि न केलेल्या बाळांत फरक पडला नाही. नंतर, २०१५ पासून, मलूल बाळाच्या श्वासनळीत नळी घालून सरसकट ओढायचंही सोडून दिलं. घशात खोल सक्शन घातलं की बाळाचे ठोके आणखी पडू शकतात, आणि हवा द्यायला उशीर होतो तो वेगळाच.

---

आडवाट

२००४? म्हणजे मी निम्मी नोकरी जुन्याच पद्धतीनं केली. पण तोंडात खरंच घट्ट काही दिसत असेल तर? तेही तसंच ठेवायचं का?

---

दीपशिखा

नाही, तिथे तुमचं बरोबर आहे. तोंडात घट्ट काही दिसतंय, किंवा मान आणि मास्क नीट करूनही छाती हलत नाही, तर साफ करायचं. आधी तोंड, मग नाक. आधी नाकात घातलं तर बाळ दचकून श्वास ओढतं आणि तोंडातलं आत जातं. "हिरवं पाणी म्हणजे सक्शन" हे गेलं, "वाट बंद आहे म्हणून सक्शन" हे राहिलं.

---

पाऊसवेडा

मी वैद्यकीय नाही, बाप आहे. आमच्या मुलाच्या मानेभोवती नाळेचे दोन वेढे होते आणि तो लगेच रडला नाही. आम्ही आजही म्हणतो की वेढ्यांनी गळा आवळला. या मुलीच्या मानेलाही नाळ होती का? ते आधीच मशीनवर का दिसलं नाही?

---

रानजाई

पाऊसवेडा, या मुलीला वेढा नव्हता. तुमच्या मुलाबद्दल मी इथून काही सांगू शकत नाही, पण एक सांगते. बाळ पोटात असताना नाकानं श्वास घेत नाही, त्यामुळे गळा आवळून श्वास कोंडणं असं तिथे होत नाही. त्याला जे मिळतं ते नाळेतून. वेढा घट्ट असेल तर नाळ दाबली जाऊ शकते आणि रक्त कमी पोचू शकतं, पण बहुतेक वेढे सैल असतात आणि आम्ही डोकं आल्यावर बोटानं काढून टाकतो. तो आता कसा आहे?

---

पाऊसवेडा

सहा वर्षांचा आहे, घर डोक्यावर घेतो. हे असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. बायकोला वाचून दाखवतो.

---

वहिवाट

मी तीस वर्षं हेच काम केलंय. रानजाई, हात उचलून बघितलंस ते मला सगळ्यात आवडलं. माझ्या मुलींना मी तेच सांगते, छाती हलत नसेल तर जोर वाढवायचा नाही, मान आणि मास्क बघायचा. तीन किलोच्या बाळाचा एक श्वास म्हणजे जेमतेम पंधरा-वीस मिली हवा आणि ती बॅग असते अडीचशेच्या आसपास. अख्खी पिळली तर फुफ्फुस फाटू शकतं, नाहीतर पोट फुगतं आणि मग छातीला जागाच उरत नाही.

पण दोन ठिकाणी माझं तुझ्याशी पटत नाही.

एक, ऑक्सिटोसिन पाच मिनिटांनी. सिरिंज भरलेली होती. बाळाला टेबलाकडे नेताना वाटेत आईची मांडी होती. पोटावर हात, सुई, दहा सेकंद. मी दिली असती. बाळासाठी धावताना आई रक्तानं गेलेली मी बघितली आहे, त्यामुळे मला हे जास्त टोचतं.

दोन, नाळ. ठोके कमी असलेल्या बाळाची नाळ इतक्या लवकर कापायची का? बॅग आईच्या पायांशीच वापरता येते. नाळेतून रक्त येत राहतं.

---

रानजाई

बाई, पहिल्याबद्दल मी अजून स्वतःशीच भांडते. कागदावर ते दहा सेकंद आहेत. पण माझे हात थरथरत होते, एका हातावर बाळ होतं आणि दुसऱ्या पोराची खात्री न करता ते इंजेक्शन द्यायचं नाही हे डोक्यात पक्कं होतं. माझे ते दहाचे तीस झाले असते. आज मला विचाराल तर आज मी देईन. त्या रात्रीच्या मला मी तसं सांगितलं असतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. नणंदेला कापड बघायला सांगितलं होतं, त्याच आधारावर मी थांबू शकले.

---

दीपशिखा

नाळेचा वाद आमच्याकडेही मिटलेला नाही. जे बाळ चांगलं श्वास घेतंय त्याची नाळ किमान मिनिटभर थांबून कापावी, यावर सगळ्यांचं एकमत आहे. न घेणाऱ्या बाळाचं काय, यावर अभ्यास चालू आहेत. नाळ न कापता बॅग द्यायला कडक सपाट जागा हवी, ऊब हवी, उजेड हवा आणि हात सरावलेला हवा. वहिवाटबाईंना ते जमतं. पहिल्या रात्री एकटी असलेल्या मुलीनं कापून टेबलावर घेतलं, तर मी तिला चूक म्हणणार नाही. मऊ गादीवर आईच्या पायांत मान वाकडी करून बॅग मारत बसण्यापेक्षा ते बरं.

---

वहिवाट

गादी मऊ असेल तर मान्य. पण ते कडक टेबलच होतं. मी माझं मत सोडत नाही.

---

निळी_शाई

केंद्रात ऑक्सिजन होता का? आणि नसेल तर नुसत्या हवेवर बॅग देऊन उपयोग होतो?

---

रानजाई

सिलिंडर नव्हता. त्या वेळी मला ती मोठी उणीव वाटली होती. आज पूर्ण दिवसांच्या बाळाला साध्या हवेवरच सुरुवात करायला शिकवतात. तिला प्राणवायू कमी पडत होता तो खोलीतल्या हवेत नव्हता म्हणून नाही, ती हवा आत पोचत नव्हती म्हणून.

अजून एक, तू विचारलं नाहीस तरी सांगते. ती रडली, गुलाबी झाली आणि नणंद म्हणाली आता कशाला न्यायचं, रात्रीचं. मी ऐकलं नाही. चार मिनिटं बॅग लागलेलं बाळ आत्ता बरं दिसलं तरी पुढच्या काही तासांत त्याला झटके येऊ शकतात, ते अंग ताठ करतं किंवा दूध ओढत नाही. ते ओळखायला डोळस माणूस जवळ हवं.

---

दीपशिखा

याला मी जोड देते. मेंदूला मार बसलाय असं दिसलं तर शरीर थंड ठेवण्याचा उपचार जिथे मिळतो, तिथे तो पहिल्या सहा तासांत सुरू करावा लागतो. दीड तासाचा रस्ता असेल तर झटका येईपर्यंत वाट बघणं परवडत नाही. उलट बाजूनं, वाटेत बाळाला जास्त तापवूही नये. आईच्या अंगाची ऊब पुरते.

---

आडवाट

ती मुलगी कशी आहे, ते ताईंनी सांगितलंच नाही.

---

रानजाई

सकाळी दहाला हॉस्पिटलमधून निरोप आला की ती नीट दूध ओढतेय, झटका नाही. तिसऱ्या दिवशी घरी आली. दीड वर्षांची असताना आई तिला लसीला घेऊन आली, तेव्हा ती पळत माझ्या खुर्चीखाली जाऊन बसली होती. पुढे माझी बदली झाली.

---

निळी_शाई

आज ड्युटीवर होते. तुमचं वाचून लेबर रूममधली अंबू बॅग काढली आणि तळव्यावर दाबली. दाबच लागला नाही. मास्कची कड एका बाजूला कडक होऊन चिरलेली होती, तिथून हवा जात होती. बाहुलीच्या तोंडावर लावून बघितलं तर तुम्ही लिहिलाय तसाच 'स्स' आला, डाव्या गालाशी. मी इन्चार्ज सिस्टरना दाखवलं.

---

रानजाई

मास्क बदलून मिळाला का? नसेल तर आजच्या रात्रपाळीला कोण आहे, तिला फोन कर.

---

निळी_शाई

मिळाला. दोन मिळाले, शून्य आणि एक. एक नंबरचा लावून ठेवलाय.